चार्टचं चित्र गेलं, तर हिस्टोग्राम आणि बॉक्स प्लॉट शब्दांत कसा मांडायचा

"मामा, चित्रं गेली सगळी." रात्री साडेनऊला भाच्याचा फोन. तो गंगापूर रोडला खोली घेऊन राहतो आणि त्याचा प्रकल्प कांद्याच्या भावांवर होता. निफाड तालुक्यातल्या एका बाजार आवारात एका सकाळी उभं राहून त्याने ३० वाहनांचा लिलावातला भाव वहीत उतरवून घेतला होता. चार्ट मोबाइलमधल्या एका ॲपवर काढून अहवालात नुसते लिंकने जोडले होते. मोबाइल रीसेट झाला, ॲप गेलं, आणि अहवालात चित्राच्या जागी कोपरा फाटलेल्या कागदाचं ते छोटं चिन्ह राहिलं. खाली ओळ तेवढी शाबूत होती: "आकृती ३ : भावांचे वितरण."

मी एवढंच विचारलं, "आकडे आहेत ना?" आकडे होते. चार्ट पुन्हा काढता आलाच असता, आणि नंतर काढलाही. पण त्याच्या वर्गात एक मुलगा दृष्टिहीन आहे, तो स्क्रीन रीडरवर ऐकतो. त्याच्यासाठी चित्राचं वर्णन तसंही लिहायचं राहिलेलं होतं. म्हणून आधी वर्णन लिहायचं ठरवलं. ते कसं लिहिलं, हे पायरीपायरीने सांगतो. आकडे इथे सोयीसाठी गोल केले आहेत, तेव्हा बाजारभावाचा दाखला म्हणून ते कुणी वापरू नयेत.

आधी आकडे चढत्या क्रमाने लावा

भाव रुपये प्रति क्विंटल आहेत. भाच्याने शीटमध्ये टाकलेले ३० आकडे लहानाकडून मोठ्याकडे लावले, ते असे:

१६०, ६५०, ७००, ७२०, ७५०, ७८०, ८००, ८२०, ८५०, ८८०, ९२०, १३००, १३५०, १४००, १४२०, १४५०, १४५०, १४७५, १५००, १५००, १५२०, १५४०, १५५०, १५७५, १६००, १६००, १६२५, १६५०, १७००, २१५०.

ही ओळ एकदा सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचा. ९२० नंतर एकदम १३०० येतो, तिथे जीभ थोडी अडखळते. सुरुवातीचा १६० आणि शेवटचा २१५० हेही कानाला खटकतात. चार्ट ज्या गोष्टी डोळ्याला दाखवतो, त्यातल्या बऱ्याचशा इथेच कळतात. त्या मोजून कशा सांगायच्या, एवढंच पुढचं काम.

बॉक्स प्लॉटचे पाच आकडे

बॉक्स प्लॉट म्हणजे पाच आकड्यांचं चित्र. त्याचं आजचं रूप जॉन ट्युकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात रूढ केलं. मधली रेघ म्हणजे मध्यक. पेटीची एक कड पहिला चतुर्थक, दुसरी कड तिसरा चतुर्थक. पेटीच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या दांड्यांना व्हिस्कर म्हणतात, आणि त्यांची दोन टोकं हे उरलेले दोन आकडे. आम्ही घरात त्यांना मिशाच म्हणतो.

३० आकड्यांचा मध्यक १५ व्या आणि १६ व्या आकड्याच्या मधोमध असतो. इथे १४२० आणि १४५०, म्हणून १४३५. खालच्या १५ आकड्यांमधला मधला, म्हणजे आठवा, ८२०. तो पहिला चतुर्थक. वरच्या १५ मधला मधला १५५०. तो तिसरा चतुर्थक. पेटी ८२० ते १५५०, तिची लांबी ७३० रुपये. मधली निम्मी वाहनं एवढ्या पट्ट्यात आहेत. "पसारा किती?" या प्रश्नाला बॉक्स प्लॉटचं उत्तर हीच लांबी.

शीटमध्ये हेच काढायला ही सूत्रं:

```
=MEDIAN(A2:A31)
=QUARTILE.INC(A2:A31,1)
=QUARTILE.INC(A2:A31,3)
```

ती चालवलीत तर पहिला चतुर्थक ८२७.५ आणि तिसरा १५४७.५ येईल, ८२० आणि १५५० नाही. घाबरू नका, चूक कुणाचीच नाही. चतुर्थक काढण्याच्या रीती एकाहून जास्त आहेत. हाताने ओळ अर्धी करून काढणं ही एक. दोन आकड्यांच्या मधला अंश मोजणं ही दुसरी, आणि हे सूत्र तेच करतं. `QUARTILE.EXC` वापरलं तर आणखी तिसरंच उत्तर येतं. कोणतीही एक रीत धरा, शेवटपर्यंत तीच ठेवा आणि वर्णनात ती सांगा. जुन्या अहवालातला ८२७.५ आणि तुमचा ८२० जुळत नाही म्हणून रात्र जाळू नका. मी एकदा जाळली आहे.

आउटलायरची रेघ, आणि तिने आम्हाला कसं फसवलं

कळपापासून लांब पडलेला आकडा म्हणजे आउटलायर. ट्युकीचा नियम सोपा आहे. पेटीच्या लांबीची दीडपट करा. खालच्या कडेपासून तेवढं खाली आणि वरच्या कडेपासून तेवढं वर जा. त्या हद्दीबाहेर जो आकडा पडेल, तो सुटा ठिपका म्हणून काढायचा. मिश्या हद्दीपर्यंत नेत नाहीत. हद्दीच्या आत असलेल्या शेवटच्या खऱ्या आकड्यापर्यंतच नेतात.

आपल्याकडे ७३० ची दीडपट १०९५. खालची हद्द ८२० वजा १०९५, म्हणजे उणे २७५. वरची १५५० अधिक १०९५, म्हणजे २६४५. तेव्हा १६० आत आणि २१५० ही आत. नियमाप्रमाणे आउटलायर एकही नाही.

भाच्याने लगेच लिहून टाकलं, "या सामग्रीत आउटलायर आढळत नाहीत." मी म्हटलं, "थांब. खालची हद्द उणे २७५ आहे. कांद्याचा भाव उणे असतो का रे? म्हणजे खालच्या बाजूला ही हद्द काहीच अडवू शकत नाही."

हद्द एवढी लांब का गेली? पेटी लांब आहे म्हणून. आणि पेटी लांब का? याचं उत्तर बॉक्स प्लॉटच्या पाच आकड्यांत नाही. त्यासाठी हिस्टोग्रामकडे जावं लागतं.

कप्पे पाडणं

हिस्टोग्राममध्ये भावांच्या पट्टीवर सारख्या रुंदीचे कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्यात किती वाहनं आली ते मोजतात. या कप्प्यांनाच सॉफ्टवेअरमध्ये बिन म्हणतात. आम्ही रुंदी २०० धरली आणि मोजणी अशी आली:

० ते १९९ मध्ये १. पुढचे दोन कप्पे रिकामे. ६०० ते ७९९ मध्ये ५, ८०० ते ९९९ मध्ये ५. १००० ते ११९९ रिकामा. १२०० ते १३९९ मध्ये २, १४०० ते १५९९ मध्ये ११, १६०० ते १७९९ मध्ये ५. १८०० ते १९९९ रिकामा. २००० ते २१९९ मध्ये १. बेरीज ३०. ही बेरीज दर वेळी करा. एखादा आकडा दोन कप्प्यांत मोजला गेला किंवा सुटला, तर ते इथेच कळतं.

एका कप्प्याची मोजणी शीटमध्ये अशी:

```
=COUNTIFS(A2:A31,">=1400",A2:A31,"<1600")
```

आता चित्र उलगडलं. भावांचे दोन ढीग आहेत, एक ६०० ते १००० मध्ये आणि दुसरा १२०० ते १८०० मध्ये. मधल्या १००० ते १२०० च्या कप्प्यात एकही वाहन नाही. पेटी मात्र ८२० पासून १५५० पर्यंत त्या रिकाम्या जागेवरून आडवी गेलेली होती. "मधली निम्मी वाहनं ८२० ते १५५० च्या दरम्यान" हे वाक्य खरं आहे, पण ते वाचून कुणालाही वाटेल की हजार-बाराशेला बरेच सौदे झाले असतील. तिथे तर एकही सौदा झाला नव्हता.

दोन ढीग का, ते वहीतच होतं. दुसऱ्या रकान्यात भाच्याने मालाची प्रत लिहिली होती: दहा वाहनं गोल्टीची, म्हणजे बारीक कांद्याची, आणि वीस मोठ्या उन्हाळ कांद्याची. लिलावाला जाणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण शीटमध्ये तो रकाना उतरवायचाच राहिला होता.

कप्प्याची रुंदी वर्णनात लिहायलाच हवी

समजा रुंदी २०० ऐवजी ५०० धरली. मग मोजणी अशी होते: ० ते ४९९ मध्ये १, ५०० ते ९९९ मध्ये १०, १००० ते १४९९ मध्ये ७, १५०० ते १९९९ मध्ये ११, त्यापुढे १. आकडे तेच आहेत, पण मधली रिकामी जागा नाहीशी झाली आणि दहा, सात, अकरा असे जवळपास सारखे तीन स्तंभ उभे राहिले. हे पाहून कुणी "भाव साधारण सगळीकडे पसरलेले आहेत" असं लिहिलं, तर त्याला दोष देता येणार नाही. उलट रुंदी ५० धरली तर तीसच आकडे इतके विखुरतात की बहुतेक कप्प्यांत शून्य, एक, दोन असंच राहतं आणि आकार काही दिसत नाही.

म्हणून "दोन ढीग दिसतात" असं लिहिण्याआधी दोन-तीन रुंद्यांनी मोजून पाहा. आम्ही १०० आणि ३०० नेही मोजलं. १०० ला मधे सलग तीन कप्पे रिकामे राहिले. ३०० ला, शून्यापासून कप्पे पाडले तर, ९०० ते ११९९ मध्ये ९२० चं एकच वाहन आलं. खिंडार लहान झालं, पण बुजलं नाही. तेव्हा ते खरं मानायला हरकत नाही.

दुसरी बारीक गोष्ट कडेची. बाजारात भाव गोल आकड्यांत लागतात, त्यामुळे नेमका कप्प्याच्या कडेवर बसणारा आकडा हमखास सापडतो. १६०० हा १४००-१६०० मध्ये मोजायचा की १६००-१८०० मध्ये? वरच्या सूत्रात डावी कड आत आणि उजवी बाहेर आहे. एक्सेलचा तयार हिस्टोग्राम उजवी कड आत धरतो. त्यावर हेच कप्पे पाडले असते, तर १४०० ते १६०० मध्ये ११ ऐवजी १२ आणि पुढच्या कप्प्यात ५ ऐवजी ३ आले असते. आकृती फारशी बदलत नाही, पण दोघांच्या मोजण्या जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघतं. "१४०० धरून, १६०० वगळून" एवढे चार शब्द लिहिले की भांडण मिटतं.

ढीग वेगळे करून पुन्हा हद्द काढा

आता मोठ्या कांद्याची वीस वाहनं वेगळी घेतली. शीटमध्ये १६० रुपयांच्या वाहनापुढेही मोठा कांदाच होता. या विसांचा मध्यक १५१०, पेटी १४३५ ते १६००, लांबी फक्त १६५. दीडपट २४७.५. हद्दी आल्या ११८७.५ आणि १८४७.५. आता १६० बाहेर पडला आणि २१५० ही बाहेर पडला. जे दोन आकडे सुरुवातीला नुसतं वाचताना खटकले होते, ते दोन्ही.

आउटलायर सापडला की पुढे काय, इथे नवखे लोक दोन चुका करतात. एक तर तो गुपचूप खोडून टाकतात, नाहीतर कारण मनानेच रचतात. १६० रुपये क्विंटल म्हणजे किलोला १ रुपया ६० पैसे. हा भाव अशक्य आहे म्हणून खोडावा, तर आपल्याकडे त्या भावाने कांदा गेलेला शेतकऱ्यांनी पाहिलेला आहे. अशक्य नाही म्हणून ठेवावा, तर त्याच सकाळी शेजारच्या वाहनाला पंधराशे मिळत होते. अशा वेळी मूळ नोंदीकडे जायचं. भाच्याने वही उघडली. तिथे स्वच्छ १६०० लिहिलं होतं. शीटमध्ये टाकताना एक शून्य गळालं होतं.

२१५० मात्र वहीतही २१५० च होता. पुढे शेरा काही नाही. "एखाद्या निर्यातदाराने चांगला माल पाहून घेतला असेल ना?" भाचा म्हणाला. असेलही. पण तू ते पाहिलं नाहीस आणि लिहिलंही नाहीस, म्हणून वर्णनात फक्त आकडा येईल, कारण येणार नाही.

दुरुस्तीनंतर सगळं पुन्हा मोजायला लागतं, त्याचा कंटाळा करू नका. मोठ्या कांद्याचा मध्यक १५३० झाला, पेटी १४५० ते १६००, मिश्या १३०० ते १७००, वरची हद्द १८२५. २१५० अजूनही बाहेरच. गोल्टीच्या दहा वाहनांचा मध्यक ७९०, पेटी ७२० ते ८५०, मिश्या ६५० ते ९२०, बाहेर कुणी नाही. २०० च्या कप्प्यांत तळाचा एकटा स्तंभ गेला आणि १६०० ते १७९९ चा स्तंभ ५ वरून ६ झाला.

आकडेच नसतील तर

भाच्याचं नशीब, वही होती. पुष्कळदा चित्राबरोबर मूळ आकडेही गेलेले असतात आणि अहवालाच्या मजकुरात कुठेतरी पाच आकडे किंवा कप्प्यांचा तक्ता उरलेला असतो.

कप्प्यांचा तक्ता उरला असेल, तर आकार सांगता येतो, आणि मध्यक कुठल्या कप्प्यात आहे तेही. आमच्या दुरुस्त तक्त्यात खालून मोजत गेलं की ५, १०, मग १२, मग २३. पंधरावं आणि सोळावं वाहन १४०० ते १५९९ मध्ये पडतं, म्हणून "मध्यक १४०० ते १६०० च्या दरम्यान" एवढं लिहा. मधला आकडा धरून १५०० असा नेमका मध्यक लिहू नका. खरा १४५० आहे.

पाचच आकडे उरले असतील, तर हात जास्त बांधलेले. चार भागांत साधारण पाव-पाव वाहनं आहेत, पेटी एवढी लांब आहे, मध्यक पेटीच्या वरच्या कडेकडे झुकलेला आहे, इतकंच म्हणता येतं. ढीग किती, मधे खिंडार आहे का, यावर काहीही लिहू नका. वर्तमानपत्रात रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे छापून येतात, त्यावरून आवारातली सकाळ डोळ्यापुढे उभी करायला जावं, तसं ते होईल. शिवाय उरलेला सर्वात मोठा आकडा मिशीचं टोक होतं की सुटा ठिपका, हे मजकुरात सांगितलं नसेल, तर "कमाल" म्हणावं की नाही तेही ठरवता येत नाही. अशा ठिकाणी "मूळ नोंदी उपलब्ध नाहीत" ही ओळ उघडपणे घालावी.

शेवटी लिहिलेलं वर्णन

काय मोजलं, किती मोजलं आणि कुठल्या एककात, हे पहिल्या वाक्यात. मग कप्पे, मग आकार, मग प्रत्येक ढिगाचा मध्यक आणि पसारा, आणि आउटलायर शेवटी. स्तंभ निळे होते, चार्ट पानाच्या उजवीकडे होता, हे कुणाला नको असतं. आमचा पहिला मसुदा असा होता:

"आकृती ३. एका सकाळच्या लिलावातील ३० वाहनांचे कांद्याचे भाव, रुपये प्रति क्विंटल. कप्प्याची रुंदी २००, डावी कड धरून, उजवी वगळून. भावांचे दोन वेगळे गट दिसतात. गोल्टीची १० वाहने ६५० ते ९२० मध्ये आहेत, मध्यक ७९०, मधली निम्मी ७२० ते ८५० मध्ये. मोठ्या कांद्याच्या २० वाहनांचा मध्यक १५३०, मधली निम्मी १४५० ते १६०० मध्ये, आणि एक सोडून सर्व १३०० ते १७०० मध्ये. १००० ते १२०० मध्ये एकही वाहन नाही. मोठ्या कांद्याचे एक वाहन २१५० ला गेले. ते दीडपट नियमाने आउटलायर ठरते, कारणाची नोंद नाही. चतुर्थक ओळ अर्धी करून काढले आहेत. नोंदीतील एक टंकनदोष (१६०० च्या जागी १६०) वहीवरून दुरुस्त केला आहे."

वर्णन जमलं की नाही हे तपासायची एकच रीत मला माहीत आहे: ज्याने चार्ट पाहिलेला नाही त्याला ते वाचून दाखवायचं आणि त्याच्याकडून काढून घ्यायचं. आम्ही फोनवरच ताईला, म्हणजे त्याच्या आईला, वाचून दाखवलं. तिने सिलिंडरच्या पावतीच्या पाठीमागे दोन ढीग काढले, मधे जागा सोडली आणि लांब उजवीकडे एक ठिपका टाकून फोटो पाठवला. जागा सगळ्या बरोबर होत्या. फक्त दोन्ही ढीग तिने सारख्याच उंचीचे काढले होते. "तुम्ही उंची कुठे सांगितली?" ती म्हणाली. खरंच नव्हती सांगितली. मग "१००० ते १२०० मध्ये एकही वाहन नाही" याच्या आधी आणखी एक वाक्य बसवलं: "सर्वात उंच स्तंभ १४०० ते १६०० चा, ११ वाहनांचा, त्याच्या उजवीकडे ६ चा, डावीकडे २ चा, गोल्टीचे दोन्ही स्तंभ ५-५ चे." ताईने दुसरी पावती शोधली.